जुन्या पैठणीचे वर्णन लिहिताना

सासूबाईंच्या मागे त्यांच्या कपाटातील साड्या नात्यातल्या बायकांनी आवडीप्रमाणे घेतल्या आणि ज्या उरल्या त्या विकून टाकण्याचे काम माझ्याकडे आले. पुढे ओळखीतल्या इतर घरांमधूनही साड्या, पोलकी, कुर्ते येऊ लागले. वापरलेले कपडे विकताना फोटो काढणे हे त्यामानाने सोपे असते. खरा वेळ जातो तो वर्णन लिहिण्यात. समोरची बाई ते कापड हातात धरून पाहू शकत नाही, त्याचा वास घेऊ शकत नाही, अंगाला लावून आरशात बघू शकत नाही. हे सगळे तिच्या वतीने आपण करायचे असते आणि जे आढळले ते तिला उपयोगी पडेल अशा शब्दांत सांगायचे असते. ते मी कसे करते, हे एका जांभळ्या पैठणीच्या आणि तिच्यावरच्या पोलक्याच्या निमित्ताने सविस्तर लिहिते आहे, कारण जुन्या रेशमात जे जे पाहावे लागते ते जवळजवळ सगळे त्या एका जोडीत होते.

‘उत्तम स्थितीत’, ‘एकदाच नेसलेली’, ‘नव्यासारखी’ हे शब्द मी वर्णनात लिहीत नाही. साडी किती वेळा नेसली यावरून ती आज कशी आहे हे कळत नाही. दर दिवाळीला नेसून, वारा देऊन, घडी बदलून ठेवलेली वीस वर्षांची साडी धडधाकट असते आणि लग्नात एकदाच नेसून प्लॅस्टिकच्या पिशवीत तशीच पडून राहिलेली साडी उलगडताना घडीवर चिरत जाते. म्हणून मी प्रत्येक दोषाच्या तीन गोष्टी लिहिते: तो नेमका कुठे आहे, केवढा आहे आणि नेसल्यावर तो कुठे येतो. यातली तिसरी गोष्ट बहुतेक वर्णनांत नसते, आणि विकत घेणाऱ्या बाईला तीच सर्वांत आधी हवी असते.

तपासणी मी सकाळी, खिडकीशी, दिवे न लावता करते. पलंगावर स्वच्छ पांढरी चादर घालून तिच्यावर साडी हातभर उलगडत जायची. चादर पांढरी असली की घड्यांतून काय पडते ते लगेच दिसते: किड्यांची सुकलेली कात, बारीक दाणे, जरीचा चुरा. मग तोच भाग उचलून खिडकीच्या उजेडासमोर धरायचा. विरलेले रेशीम समोरून पाहिले तर ठीक वाटते, पण मागून उजेड आला की तिथे धागे पातळ झालेले किंवा सरकलेले स्पष्ट दिसतात. या पैठणीत वर्षानुवर्षे एकाच ठिकाणी मोडलेली मधली उभी घडी उजेडात फिकट रेघेसारखी दिसत होती. त्या रेघेच्या दोन्ही बाजूंना अंगठे ठेवून अगदी हलका ताण देऊन पाहिला. बहुतेक ठिकाणी कापड टिकले. एका जागी मात्र आधीचीच दोन सेंटिमीटरची चीर होती आणि तिच्या आजूबाजूचे बोटभर कापड ताण सहन करील असे वाटले नाही.

ही जागा मोजण्यासाठी मी पदराच्या टोकापासून अंतर घेते आणि दुसरे अंतर फॉलच्या बाजूच्या काठापासून. चीर पदराच्या टोकापासून २ मीटर ४० सेंटिमीटरवर होती आणि पन्ह्याच्या बरोबर मध्यावर. एवढ्यावर थांबले असते तर वाचणाऱ्या बाईला त्यातून फारसे काही कळले नसते. म्हणून त्या जागी सैल टाका घालून पांढरा दोरा लावला आणि साडी नेहमीच्या गोल पद्धतीने नेसून पाहिली. दोरा मागे, कमरेच्या खाली आला. तिथली चीर उभे राहिल्यावर कोणाच्या नजरेत भरत नाही, पण खाली बसताना साडीवर सर्वांत जास्त ताण नेमका तिथेच येतो. पंगतीला बसणाऱ्या किंवा पूजेला मांडी घालणाऱ्या बाईच्या दृष्टीने हा दोष दिसण्यातला नव्हे, तर साडी फाटण्यातला आहे. उलट तेवढीच चीर निऱ्यांच्या आतल्या पदरात असती, तर तिच्याकडे दुर्लक्ष करता आले असते. वर्णनात मी माझी उंचीही लिहिली, कारण उंची, अंगलट आणि नेसण्याची पद्धत बदलली की ती जागा चार-सहा इंच इकडेतिकडे होते.

पदराच्या टोकापासून साधारण १ मीटर १० सेंटिमीटरवर, आडव्या ओळीत, सारख्या अंतराने पिनांची छिद्रे होती. खांद्यावर पदराच्या चुण्या करून सगळ्यांतून एकच पिन घातली की साडी उलगडल्यावर अशी ओळ दिसते. नवी बाईही साधारण त्याच जागी पिन लावणार असल्याने ही छिद्रे दिसायला फारशी खटकत नाहीत. पण त्यांतली दोन ताणून लांबट झाली होती, म्हणून त्यांचा जवळून फोटो काढला आणि शेजारी मोजपट्टी ठेवली. फोटोत मोजपट्टी नसेल तर एक मिलिमीटरचे छिद्र आणि एक सेंटिमीटरचे भोक यांतला फरक पाहणाऱ्याला कळत नाही.

डागांच्या बाबतीत मला एक गोष्ट अनुभवाने पक्की ठाऊक झाली आहे: इस्त्री करण्याआधी डाग शोधायचे. सरबत, नारळपाणी, उसाचा रस यांचे थेंब सुकले की दिसेनासे होतात, पण त्यांतली साखर कापडात राहते आणि काळाने किंवा इस्त्रीच्या उष्णतेने ती जागा पिवळी-तपकिरी पडते. चहाचा डागही उष्णतेने घट्ट बसतो. म्हणून इस्त्रीपूर्वी कापड तिरपे धरून त्यावर उजेड आडवा पडू द्यायचा; साखरेची जागा थोडी ताठर आणि कडेला रेघ असलेली दिसते. या पैठणीच्या निऱ्यांच्या भागात, फॉलपासून वर वीतभर अंतरावर, नाण्याएवढे असे दोन ठसे सापडले. ड्रायक्लीनिंगनंतर ते पुसट झाले, गेले नाहीत. ड्रायक्लीनिंगच्या द्रावकात तेल-तूप चांगले निघते. घाम आणि साखर यांसारखे पाण्यात विरघळणारे डाग त्यात पूर्ण निघत नाहीत. ‘ड्रायक्लीन केली आहे’ असे लिहिले की डाग नसणार, असे वाचणारी गृहीत धरते, म्हणून काय निघाले आणि काय राहिले, हे मी वेगळ्या वाक्यात लिहिते.

जरीबद्दल मी फार जपून लिहिते. जुन्या पैठणीची जर खरी, म्हणजे चांदीच्या तारेवर सोन्याचा मुलामा दिलेली असावी, असे घरात सगळ्यांना वाटत असते आणि तसे लिहिले तर किंमतही बदलते. तपासल्याशिवाय ते लिहिणे योग्य नाही. भिंगातून मला एवढेच दिसले की साडीच्या आतल्या टोकाशी, जिथे काठ घासला गेला आहे तिथे, मुलाम्याखालची तार पांढरट आहे. तांब्याची तार असती तर ती लालसर दिसली असती. वर्णनात मी तेवढेच लिहिले आणि जर तपासून घेतलेली नाही, हेही त्याच वाक्यात लिहिले. पदरावरच्या मोरांची जर दोन ठिकाणी काळवंडली होती. चांदीवर हवेतल्या गंधकाची क्रिया होऊन असे होते आणि ते घरी घासून काढायला गेले तर मुलामा निघतो. तेव्हा ‘पॉलिश केल्यावर चकाकेल’ असे आश्वासन देण्याऐवजी, जसे आहे तसे दोन फोटो दिले.

रंगाचीही अशीच काळजी घ्यावी लागते. ही साडी धूपछांव आहे: उभे धागे लाल, आडवे निळे, त्यामुळे एका बाजूने ती जांभळी आणि दुसऱ्या बाजूने किरमिजी दिसते. एका फोटोत दोन्ही रंग येत नाहीत. ढगाळ दिवसाच्या उजेडात एकाच जागेचे दोन कोनांतून फोटो घेतले आणि धाग्यांचे रंग शब्दांत सांगितले, म्हणजे फोटोतला रंग आणि हातातला रंग वेगळा वाटला तरी कारण आधीच ठाऊक असते.

साडीची मापे थोडकी, पण ती कापडावरच घ्यावी लागतात. पोलक्याचे कापड आधीच कापून घेतलेले होते, म्हणून उरलेली लांबी मोजली: काठाच्या कडेने ५ मीटर ३५ सेंटिमीटर. जरीचा काठ आक्रसला असेल तर मधले कापड काठापेक्षा लांब भरते आणि फुगते, म्हणून मोजताना काठाची लांबी धरायची. पन्हा ४६ इंच. उंच बायकांसाठी हा आकडा लांबीपेक्षा महत्त्वाचा आहे, कारण पन्हा कमी पडला तर साडी घोट्याच्या वर राहते आणि त्यावर काही उपाय नसतो. वजन ६४० ग्रॅम. फॉल लावलेला आहे, पण तो सुती असून थोडा आक्रसल्यामुळे खालचा काठ किंचित चुण्या पडल्यासारखा दिसतो; फॉल उसवून नवा लावला की काठ सरळ होतो, हे मी एका टोकाशी वीतभर उसवून पाहिले आणि मगच लिहिले.

पोलक्याचे काम याहून नाजूक असते. शिवलेल्या कपड्यावर ‘साइझ ३४’ लिहून चालत नाही. ते शिंप्याने अंगावरच्या मापाने शिवलेले असते आणि नंतर कधी सैल, कधी घट्ट केलेले असते. मी हुक लावून पोलके सपाट ठेवते आणि एका बगलेपासून दुसऱ्या बगलेपर्यंत मोजते. इथे ते १७ इंच भरले, म्हणजे छातीचा घेर ३४. पण टक्स घातलेले पोलके पूर्ण सपाट होत नाही, त्यामुळे या मापात अर्धा-पाऊण इंच इकडेतिकडे होऊ शकतो, हे लिहायला हवे. खालच्या पट्टीवर टक्सचा परिणाम नसतो, म्हणून ते माप जास्त भरवशाचे असते: १४ १/२ इंच, म्हणजे घेर २९. याखेरीज उंची १४, शोल्डर १३ १/२, बाहीची लांबी १० आणि दंडाचा घेर ११ इंच. ही सगळी मापे कपड्याची आहेत, अंगाची नव्हेत, हे मी मापांच्या वरच्या ओळीत लिहिते. दंडाचा घेर बहुतेक जण देत नाहीत. पण छातीत बसलेले पोलके दंडात अडकले तर ते तितकेच निरुपयोगी ठरते.

पुढचा प्रश्न हमखास येतो: आत माया आहे का? बाजूच्या शिवणीत पुढचा आणि मागचा मिळून दोन पदर, दोन्ही बाजूंचे चार. या पोलक्यात प्रत्येक पदरात टोकाची कच्ची कड सोडून अर्धा इंच सोडता येईल इतके कापड होते, म्हणजे घेर दोन इंचांनी वाढू शकतो. एवढेच लिहिले तर ३६ घेराची बाई निश्चिंत होऊन पोलके मागवील. म्हणून मी शिवणीचे चार-पाच टाके उसवून आतले कापड बाहेर काढून पाहिले. शिवणीच्या आत दडलेले रेशीम ताजे, गडद जांभळे होते आणि बाहेरचे बरेच उतरलेले. शिवण सोडली तर बगलेपासून कमरेपर्यंत अर्ध्या इंचाचा गडद पट्टा दिसेल, आणि जुन्या शिवणीच्या सुईची छिद्रे रेशमात बुजत नाहीत, त्यामुळे टिंबांची एक ओळही कायम राहील. हाताआड तो पट्टा बराचसा झाकला जातो. कोणाला तो चालेल, कोणाला चालणार नाही. तो निर्णय तिचा, पण पट्टा तिला आधी दिसला पाहिजे, म्हणून त्याच जागेचा फोटो दिला.

बगलेतला घामाचा डाग हा सांगायला सर्वांत अवघड वाटणारा भाग आहे, आणि तो सर्वांत स्पष्ट शब्दांत सांगायला हवा. घामाने रेशमाचा रंग जातोच, शिवाय धागा कमकुवत होतो. या पोलक्यात दोन्ही बगलांत तीन इंच रुंदीची चंद्रकोरीसारखी फिकट जागा होती, हाताला थोडी कडक लागणारी. हात खाली असताना ती दिसत नाही, वर केला की दिसते. स्वच्छ केल्यावर वास राहिला नाही, रंग परत आला नाही. मी हे असेच्या असे लिहिले. ‘किंचित डाग’ म्हणण्यापेक्षा तीन इंच म्हटले की विषय संपतो.

आता स्वच्छतेचे निवेदन. इथे माझा नियम असा की काय केले ते लिहायचे, त्यातून काय साधले याचे दावे करायचे नाहीत. ‘निर्जंतुक केलेले’ हा शब्द मी वापरत नाही, कारण रेशीम साठ अंशांच्या पाण्यात धुता येत नाही आणि इस्त्री फिरवली म्हणजे कापड निर्जंतुक झाले असे म्हणायला माझ्याकडे आधार नाही. अत्तर किंवा सुगंधी फवारा मारून तर कधीच पाठवायचे नाही. खालचा वास दोन दिवसांत परत येतो आणि फवाऱ्याने जरीवर डाग पडू शकतात. उन्हातही घालायचे नाही, कारण रेशमाचा रंग आणि बळ दोन्ही उन्हाने कमी होते. कोरड्या हवेच्या दिवसांत सावलीत, दांडीवर सुती कापड टाकून त्यावर साडी पसरवायची आणि रोज घडीची बाजू बदलायची, एवढेच मी करते.

या साडीला डांबराच्या गोळ्यांचा वास होता. अनेक घरांत तो वास स्वच्छतेची खूण मानला जातो, त्यामुळे त्याचा उल्लेख करण्याचे कारण काही विक्रेत्यांना वाटत नाही. मला तो उल्लेख अत्यावश्यक वाटतो. या गोळ्यांतले नॅप्थलिन ज्यांच्या रक्तात जी६पीडी या विकराची कमतरता असते त्यांना बाधते. त्यांच्या तांबड्या पेशी फुटू शकतात आणि लहान बाळांमध्ये हा धोका अधिक गंभीर असतो. एका मुलीने फोन करून विचारले, “काकू, बाळाच्या बारशाला नेसायची आहे, वास कितपत आहे?” मी तिला सांगितले की वारा देऊन तो बराच कमी झाला आहे, पण घडी उलगडताना अजून जाणवतो आणि साडीत कित्येक वर्षे गोळ्या होत्या. बाळाला दिवसभर कडेवर घ्यायचे असल्याने तिने साडी घेतली नाही. मलाही तेच बरे वाटले.

आणखी एक गोष्ट मी लिहिते, जी स्वच्छतेत मोडते की श्रद्धेत हे ज्याचे त्याने ठरवावे: साडी कोणाची होती. गेलेल्या माणसाची साडी काही जणी घेत नाहीत, काहींना त्याचे काही वाटत नाही. ही माहिती नंतर कळली तर मनात किल्मिष राहते, म्हणून ‘सासूबाईंच्या मागे विकत आहोत’ एवढे शब्द वर्णनात असतात. घरात प्राणी नाहीत, धूम्रपान होत नाही, हेही एका ओळीत येते. दमा किंवा ॲलर्जी असलेल्या बाईला ते हवे असते.

शेवटी तयार झालेले वर्णन असे होते:

“जांभळी धूपछांव रेशमी पैठणी (उभे धागे लाल, आडवे निळे), पदरावर मोर, नारळी काठ. लांबी ५ मी. ३५ सें.मी. (पोलक्याचे कापड कापलेले), पन्हा ४६ इंच, वजन ६४० ग्रॅम. मधल्या घडीवर पदराच्या टोकापासून २ मी. ४० सें.मी.वर २ सें.मी.ची चीर, माझी उंची ५ फूट २ इंच, गोल नेसल्यावर ही जागा मागे कमरेखाली येते. भोवतीचे कापड विरलेले असल्याने नेसण्यापूर्वी मागून रेशमी अस्तराचा तुकडा लावून घ्यावा. निऱ्यांमध्ये नाण्याएवढे दोन पुसट डाग. खांद्याच्या जागी पिनांची छिद्रे, त्यांतील दोन लांबट. पदराची जर दोन ठिकाणी काळवंडलेली. जर तपासून घेतलेली नाही, घासलेल्या जागी तार पांढरट दिसते. सुती फॉल आक्रसलेला, बदलावा लागेल. फेब्रुवारीत ड्रायक्लीन केली, त्यानंतर सावलीत वारा दिला. किड्यांची भोके किंवा कात आढळली नाही. पूर्वी डांबराच्या गोळ्यांत ठेवलेली. उलगडताना सौम्य वास येतो. धूम्रपान व पाळीव प्राणी नसलेले घर. सासूबाईंच्या मागे विकत आहोत.”

पोलक्याचे वर्णन आणि किंमत वेगळी लिहिली. जोडीनेच विकायचे ठरवले तर बगलेतल्या डागाचे आणि मापाचे ओझे साडीवर पडते. सांगलीच्या ज्या ताईंनी साडी घेतली त्यांचा घेर ३६ होता; गडद पट्ट्याचा फोटो पाहून त्यांनी पोलके नको म्हणून सांगितले आणि चिरीच्या जागी लावायला त्याच रंगाचे रेशीम मिळेल का, असे विचारले. पोलक्याच्या मायेतले कापड त्याच साडीचे, न उतरलेले आणि पुरेसे मजबूत होते. त्यांच्या संमतीने पोलके थोड्या किमतीत साडीसोबत दिले आणि पाठीचा सपाट भाग व माया रफूवाल्याकडे वापरता येईल, असे चिठ्ठीत लिहिले.

पाठवायच्या दिवशी वर्णन हातात घेऊन साडी पुन्हा एकदा पूर्ण उलगडली. विक्रीला लावल्यापासून पावसाळा मध्ये गेला होता, आणि दमट हवेत बंद कपाटात आठवडाभरातही बुरशीचे पांढरट ठिपके येऊ शकतात. ठिपके नव्हते, मात्र पदरावरच्या जरीचा तिसरा एक भाग नव्याने काळवंडला होता. त्याचा फोटो त्यांना पाठवला, त्यांचे ‘चालेल’ असे उत्तर आल्यावर साडी मलमलच्या कापडात, नव्या जागी घडी घालून बांधली आणि वर्णनातल्या ‘दोन ठिकाणी’च्या जागी ‘तीन ठिकाणी’ असे लिहून त्याची प्रत आत ठेवली.